मराठी शीर्षकाची लिंक लांबलचक आणि तुटकी होते: स्लग पब्लिश करण्याआधीच कसा ठरवावा

तक्रार नेहमीची आहे. मराठीत लेख लिहिला, शीर्षक मनासारखं जमलं, पब्लिश केला आणि लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवली, तर समोर टक्केचिन्हं आणि आकड्यांच्या पाच-सहा ओळी उमटतात. ब्राउझरमध्ये तीच लिंक देवनागरीत दिसते खरी, पण शेवटचा शब्द मध्येच कापलेला असतो. पुढच्या लेखाच्या लिंकला कारण नसताना `-2` चिकटतो. मग कोणीतरी वैतागून स्लग बदलतं, आणि आधी चार ग्रुपवर गेलेली लिंक बंद पडते. त्यावर पुन्हा तोच प्रश्न येतो: लिंक आधीपासूनच नीट कशी ठेवायची?

स्लग म्हणजे लिंकचा शेवटचा तुकडा, जो त्या एका लेखाची ओळख असतो. खाली मुख्यतः वर्डप्रेसबद्दल लिहिलं आहे, कारण मराठी संकेतस्थळांवर हा त्रास तिथेच जास्त दिसतो. ब्लॉगरचा त्रास वेगळ्या जातीचा आहे, त्यासाठी पुढे थोडी जागा ठेवली आहे.

लिंक लांब का होते आणि तुटते का

शीर्षक लिहून स्लगची चौकट मोकळी सोडली, तर वर्डप्रेस पब्लिश करताना शीर्षकावरूनच स्लग बनवतो. इंग्रजी शीर्षकाला यात अडचण येत नाही. देवनागरीचं मात्र प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्केचिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. इथे चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. ‘च्या’ आपल्यासाठी एक जोडाक्षर आहे, पण संगणकासाठी ती च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं आहेत. त्या एका ‘च्या’ला छत्तीस जागा लागतात. ‘दिवाळी’ हा साधा शब्द साठवला जातो तो असा:

```
%e0%a4%a6%e0%a4%bf%e0%a4%b5%e0%a4%be%e0%a4%b3%e0%a5%80
```

वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये स्लगचा रकाना `post_name` या नावाचा आहे आणि त्यात २०० जागा आहेत. नऊने भागलं तर देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं बसतात. त्यापुढचं शीर्षक गुपचूप कापलं जातं. शब्द पुरा झाला का, काना-मात्रा सुटली का, हे कोणी पाहत नाही.

आता एक खरं वाटावं असं शीर्षक घेऊन पाहू: ‘दिवाळीच्या फराळातली चकली तेलात विरघळली तर काय करावे?’ यात ‘दिवाळीच्या’ची दहा चिन्हं आहेत, ‘फराळातली’ची आठ आणि ‘चकली’ची चार. बावीस चिन्हांच्या १९८ जागा आणि मधल्या दोन आडव्या रेघांच्या दोन, म्हणजे २०० जागा ‘चकली’शीच भरल्या. ‘तेलात विरघळली’ हा या लेखाचा खरा विषय, आणि नेमका तोच लिंकमध्ये आला नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्याच ठिकाणी ‘दिवाळीच्या फराळातली चकली दुसऱ्या दिवशी मऊ का पडते?’ असा लेख आला, तर त्याचाही स्लग कापून तेवढाच उरतो. तो आधीच वापरात असल्यामुळे शेवटी `-2` लावावा लागतो. त्या दोन जागा करण्यासाठी शेवटचं एक चिन्ह आणखी कापलं जातं, आणि चकलीची वेलांटी जाते:

```
दिवाळीच्या-फराळातली-चकली
दिवाळीच्या-फराळातली-चकल-2
```

दोन वेगळ्या तक्रारींचे दोन लेख, पण लिंकवरून कोणता कुठला ते घरच्या माणसालाही सांगता येणार नाही. तुमच्या ठिकाणी हेच घडतंय का, हे ओळखायला लेखांची यादी उघडून जुन्या लिंका वाचून पाहा. सगळ्या बावीस चिन्हांच्या आसपास तुटत असतील, तर कारण हेच. थीम, प्लगइन, होस्टिंग यांना दोष देत वेळ घालवू नका.

उपाय: शीर्षकाला हात न लावता स्लग वेगळा लिहायचा

लेख ड्राफ्टमध्ये असतानाच उजवीकडच्या सेटिंगच्या पट्टीत `Slug` ही ओळ शोधा. आवृत्तीनुसार तिथे `Link`, `URL` किंवा `Permalink` असंही दिसतं. तिथे आपण स्वतः लिहिलेला मजकूर शीर्षकापेक्षा वरचढ ठरतो. पुढे शीर्षक दहा वेळा बदललं तरी हाताने लिहिलेला स्लग जागचा हलत नाही. उलट ती चौकट मोकळी असेल, तर पब्लिश करण्याच्या क्षणी जे शीर्षक असेल त्यावरून स्लग बनतो. म्हणून ड्राफ्टच्या वेळी दिसणारी लिंक कोणाला पाठवू नये, ती अजून पक्की झालेली नसते.

काय लिहायचं हे ठरवण्यासाठी मला एकच रीत उपयोगी वाटते. शीर्षकातला प्रत्येक शब्द घ्यायचा आणि विचारायचं: दोन वर्षांनी हा लेख सुधारला, तर हा शब्द खोटा ठरेल का? आणि तो काढला तर लेख ओळखता येईल का?

चकलीच्याच शीर्षकावर हे करून बघू. ‘दिवाळीच्या’ काढला. चकली गौरी-गणपतीतही होते आणि एरवीही, आणि लेखातला सल्ला बारा महिने तोच आहे. ‘फराळातली’ काढला, चकली म्हटल्यावर ते सांगायची गरज नाही. ‘तर काय करावे’ काढलं, अर्ध्या लेखांच्या शेवटी तेच असतं आणि त्यावरून काहीच ओळखू येत नाही. ‘तेलात’वर क्षणभर थांबावं लागतं, पण चकली विरघळते ती तेलातच, तेव्हा तोही गेला. उरलं ते `chakli-virghalne`. दुसऱ्या लेखासाठी याच वाटेने `chakli-mau-padne` मिळतं. दोन्ही सोळा जागांचे आहेत, दोन्ही वाचता येतात आणि एकमेकांवर आदळत नाहीत.

नुसतं `chakli` का नको? आज ते सगळ्यात आखूड आणि सुबक वाटतं, पण उद्या भाजणीच्या चकलीची मूळ पाककृती लिहाल तेव्हा ते नाव तिला लागेल. आखूडपणाच्या हौसेपायी एका छोट्या लेखाने अख्ख्या विषयाचं नाव अडवून ठेवू नये. मी दोन ते चार शब्द ही हद्द मानतो. एक शब्द बहुतेकदा अपुरा पडतो आणि पाचव्या शब्दाला ओळखीत भर घालण्यासारखं काही उरलेलं नसतं.

शीर्षकातल्या संख्येबाबत सावध राहावं. ‘चकली विरघळण्याची ५ कारणे’ या शीर्षकाचा स्लग `chakli-virghalnyachi-5-karne` ठेवला आणि नंतर सहावं कारण सापडलं, तर लिंक कायमची पाच म्हणत राहील. शीर्षकात संख्या खुशाल ठेवा, ते बदलता येतं. ‘संपूर्ण माहिती’, ‘नवीन’, ‘अपडेट’, ‘भाग १’ या शब्दांचंही तसंच.

रोमन की देवनागरी

यावर वाद आहे आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे. मराठी लेखाची लिंक देवनागरीत असावी असं वाटणं मला मनापासून पटतं. ब्राउझरच्या पट्टीत ती छान दिसते. तरीही मी स्लग रोमन लिपीत लिहिण्याचा सल्ला देतो, कारण देवनागरी लिंक कॉपी केली की बहुतेक वेळा टक्केचिन्हांत बदलते. मग ती एसएमएसमध्ये, छापील पत्रकावर किंवा फोनवर बोलून सांगायला निरुपयोगी होते. लिंक वाचली जाते त्याहून जास्त वेळा ती एकीकडून दुसरीकडे पाठवली जाते.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे, जी सहज लक्षात येत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे वेगळं चिन्ह वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण लिंक म्हणून ते दोन निरनिराळे पत्ते आहेत. लेखकाने एका कीबोर्डवर लिहिलेली लिंक वाचकाने दुसऱ्या कीबोर्डवर हाताने टाइप केली, तर ती जुळेलच असं नाही.

देवनागरीच हवी असेल तर दोनच शब्द ठेवा आणि ऱ्य, ऱ्ह असलेले शब्द टाळा. ‘चकली-विरघळणे’ला शंभर जागा लागतात. ती तुटत नाही आणि `-2`साठीही जागा शिल्लक राहते.

रोमन लिहायचं ठरवलं की पुढचा प्रश्न स्पेलिंगचा. मराठी लेखाचा स्लग इंग्रजीत भाषांतर करून लिहू नये, `why-chakli-dissolves` शोधणारा वाचक तुमच्या मराठी लेखावर येऊन काय करेल? आपण मोबाइलवर मराठी जशी रोमनमध्ये लिहितो तशीच लिहावी: काना असला तरी एकच a, ळ साठी l, ण साठी n, ज्ञ साठी dny. जे शब्द लोक इंग्रजीच वापरतात ते तसेच ठेवावेत, `passbook` किंवा `wifi` यांना मराठी वळण द्यायला नको. एकदा `chakli` लिहिलं की पुढच्या प्रत्येक लेखात तेच, मध्येच `chakali` नको.

या पद्धतीचा तोटा असा की रोमनमध्ये गाळ आणि गाल दोन्ही `gal` होतात, माळ आणि माल दोन्ही `mal` होतात. तिथे शेजारचा शब्द अर्थ सांभाळतो. `talyatil-gal` वाचून कोणाचा गोंधळ होत नाही.

वर्ष आणि गावाचं नाव

स्लगमध्ये वर्ष घालू नये असा सरसकट सल्ला दिला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. वर्ष जर घटनेचाच भाग असेल तर ते हवंच. सांगलीला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले. २०१९ च्या पुरावरच्या लेखाचा स्लग `sangli-pur-2019` हाच योग्य, कारण ते वर्ष कधी बदलणार नाही आणि त्याच्याविना लेख ओळखता येणार नाही. पण ‘शाळाप्रवेशाची कागदपत्रं २०२५’ या शीर्षकातलं वर्ष फक्त लेख ताजा असल्याचं सांगतं. पुढच्या वर्षी तुम्ही तोच लेख सुधाराल, तेव्हा `shala-pravesh-kagadpatre` कामाला येईल आणि वर्ष शीर्षकात बदलता येईल.

गावांच्या नावांचा प्रश्न आपल्याकडे अलीकडे बराच आला. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या लेखांचे स्लग बदलायचे का, असं पुष्कळांनी विचारलं. माझं मत स्पष्ट आहे: शीर्षक आणि मजकूर जरूर बदला, स्लग तसाच राहू द्या. तो पत्ता आहे, विधान नव्हे, आणि दुसऱ्या ठिकाणांहून त्याच्याकडे आलेल्या लिंका तुमच्या हातात नाहीत. नवीन लेखात मात्र जिल्ह्याचं नाव गरजेपुरतंच घ्या. वेरूळच्या लेण्यांवर लिहिताना `verul-leni` पुरेसं आहे.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सांगून ठेवलं होतं की पत्त्यातून विषयाचा वर्ग, लेखकाचं नाव, मजकूर ताजा की जुना ही स्थिती आणि `.html` सारखी शेपटी वगळावी, कारण कालांतराने हेच सगळं बदलतं. वर्डप्रेसमध्ये हे साधायला `Settings`मधल्या `Permalinks`मध्ये `Post name` ही रचना निवडावी. लिंकमध्ये वर्ग असेल तर लेख एका वर्गातून दुसऱ्यात हलवताच त्याची लिंक बदलते. हा सल्ला नव्या संकेतस्थळासाठी आहे. ज्याच्यावर आधीच शेकडो लेख आहेत, तिथली रचना केवळ दिसायला बरी म्हणून बदलू नये.

स्लग मोकळा असूनही `-2` येतो

स्वतः आखूड स्लग लिहिला, त्या नावाचा दुसरा लेख दिसत नाही, तरी पब्लिश करताच `-2` लागतो. इथे बहुतेक वेळा एखादा विसरलेला ड्राफ्ट असतो. कधीतरी कोणी त्या ड्राफ्टमध्ये हाच स्लग हाताने लिहून ठेवलेला असतो. नाव मोकळं आहे का हे तपासताना वर्डप्रेस लेखाची अवस्था बघत नाही, त्यामुळे अप्रकाशित ड्राफ्टही नाव अडवतो. पुढच्या तारखेला लावून ठेवलेला लेखही तसाच. कचऱ्यात टाकलेल्या लेखाच्या स्लगला मात्र आवृत्ती ४.५ पासून `__trashed` अशी शेपटी लागते आणि नाव सुटतं.

लेखाऐवजी पेज असेल तर संशयित बदलतो. पेजांचं नाव अपलोड केलेल्या चित्रांशीही आदळतं. आधी `sampark.jpg` हे चित्र चढवलं आणि मग ‘संपर्क’ हे पेज `sampark` नावाने बनवायला गेलात, तर `sampark-2` मिळतं. म्हणून पेज आधी पब्लिश करावं आणि चित्र नंतर चढवावं, किंवा चित्राच्या फाइलला निराळं नाव द्यावं.

डेटाबेसपर्यंत पोहोच असेल तर नाव कोणाकडे आहे हे एका प्रश्नात कळतं. तुमच्या ठिकाणी टेबलाची सुरुवात `wp_` सोडून दुसरी असेल, तर तेवढी बदला:

```
SELECT ID, post_type, post_status, post_title
FROM wp_posts
WHERE post_name = 'chakli-virghalne';
```

उत्तरात ड्राफ्ट निघाला तर त्याचा स्लग बदला किंवा तो काढून टाका, आणि मग आपला लेख पब्लिश करा. क्रम महत्त्वाचा आहे. लेख `-2` घेऊन बाहेर पडला आणि लिंक वाटली गेली, की त्या `-2`सकट जगावं लागतं.

ब्लॉगरवर असाल तर

तिथे मराठी शीर्षकातून स्लग बनतच नाही. पहिल्या लेखाला `blog-post.html` मिळतं, पुढच्यांना `blog-post_12.html` असं काहीतरी. शीर्षकात एखादा रोमन शब्द असेल तर तेवढाच उचलला जातो. उपाय तोच आहे: लेखाच्या सेटिंगमध्ये `Permalink` उघडा, `Custom Permalink` निवडा आणि रोमनमध्ये लिहा. हे पब्लिश करण्याआधीच करावं लागतं, कारण नंतर ती चौकट बंद होते आणि बदलासाठी लेख पुन्हा ड्राफ्टमध्ये न्यावा लागतो. लिंकमधलं वर्ष आणि महिना मात्र तिथे काढता येत नाहीत.

लेख आधीच वाईट लिंक घेऊन बाहेर पडला आहे

पहिला प्रश्न असा की तो किती ठिकाणी पोहोचला. पाच मिनिटांपूर्वी पब्लिश केला आणि अजून कोणाला पाठवला नाही, तर लगेच बदला. महिने उलटले असतील, तर कुरूप पण चालू लिंक तशीच ठेवा. टक्केचिन्हांची लिंक दिसायला वाईट असली तरी उघडते. बदलण्याला दोनच कारणं मी सबळ मानतो: स्लग वाचकाची दिशाभूल करत असेल, किंवा त्यात कोणाची खाजगी माहिती चुकून गेली असेल.

बदललाच तर वर्डप्रेस लेखाचा जुना स्लग `_wp_old_slug` या नावाने जपून ठेवतो आणि जुन्या लिंकवर आलेल्याला ३०१ रीडायरेक्टने नव्या लिंकवर नेतो. यासाठी प्लगइन लागत नाही. पण या सोयीला मर्यादा आहेत. ती लेखांसाठी आहे, पेजांसाठी नाही. पेजाचा स्लग बदलला तर रीडायरेक्ट स्वतः लावावा लागतो. दुसरं, जुनी लिंक ४०४ देते तेव्हाच ही सोय जागी होते. म्हणजे तो सुटलेला स्लग तुम्ही नव्या लेखाला दिलात, तर जुन्या लिंकवर येणारा वाचक थेट त्या परक्या लेखावर उतरतो आणि कुठेही चूक दिसत नाही. तिसरं, संकेतस्थळ वर्डप्रेसवरून दुसरीकडे हलवलं की ही नोंद तिकडे कोणी वाचत नाही. हलवण्याआधी `_wp_old_slug`च्या सगळ्या नोंदी काढून घ्या आणि नव्या ठिकाणी रीडायरेक्ट म्हणून भरा.

बदलानंतर ब्राउझरवर विसंबू नका, त्याने जुनं उत्तर साठवून ठेवलेलं असू शकतं. जुनी लिंक अशी तपासा:

```
curl -I https://example.com/juna-slug/
```

पहिल्या ओळीत `301` आणि खाली `location:` पुढे नवी लिंक दिसली, तर काम झालं. `404` दिसला तर रीडायरेक्ट लागलेला नाही. आणि `200` दिसला तर त्या जुन्या नावावर दुसरंच काहीतरी बसलेलं आहे, ते वरच्या एसक्यूएल प्रश्नाने शोधा.